पहिला फोन कोणाला जातो?

प्रश्न : स्थळ म्हणून भेटलेल्या मुलाशी तीन महिने बोलतेय. आधीच्या मैत्रिणीचा विषय निघाला की तो म्हणतो, 'मला तिचा फक्त राग येतो.' म्हणजे तो त्यातून बाहेर पडलाय ना? (वय २९, डोंबिवली)

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. मन मोकळं झालं की राग निवतो आणि माणूस त्या व्यक्तीबद्दल साध्या आवाजात बोलू लागतो. तिने फसवलं असेल किंवा हात उगारला असेल, तर गोष्ट वेगळी. तो राग वर्षानुवर्षं राहू शकतो आणि त्यात ओढ असेलच असं नाही.

विषय कोण काढतं, याकडे लक्ष द्या. तुम्ही विचारल्यावर तो सांगत असेल तर ठीक. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दुसरंच काही बोलत असताना गाडी दरवेळी तिच्यावरच येत असेल, किंवा 'ती अशीच करते' असं ती आजही समोर असल्यासारखं तो बोलत असेल, तर तो अजून तिच्याशीच भांडतोय. एकदा शांतपणे विचारा, 'त्यात तुझं काय चुकलं?' नातं मागे पडलेला माणूस क्षणभर थांबून एखादी खरी चूक सांगतो. 'माझं काहीच नाही' असं उत्तर आलं आणि आवाज चढला, तर साखरपुड्याची तारीख इतक्यात काढू नका.

प्रश्न : ब्रेकअपला दीड वर्ष झालं. मी त्याला ब्लॉक केलंय, पण रात्री बहिणीच्या फोनवरून त्याचं प्रोफाइल बघते. आता भेटलेला मुलगा खूप चांगला आहे. मी त्याला फसवतेय का? (वय ३१, परळ)

फसवणूक वगैरे नंतर बघू. आधी तुम्ही नेमकं काय शोधताय ते कळायला हवं. ब्रिटनमधल्या टारा मार्शल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ साली ४६४ जणांचा अभ्यास केला. जुन्या जोडीदाराचं फेसबुक जास्त पाहणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ जास्त दिसली. बघण्यामुळे ओढ टिकते की ओढ आहे म्हणून बघणं होतं, हे मात्र त्यातून ठरत नाही. ते तुमचं तुम्हालाच तपासावं लागेल.

दोन आठवडे बघणं बंद करू नका, फक्त लिहून ठेवा : किती वाजता बघितलं आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडलं होतं. माझ्याकडे आलेल्या मुलुंडच्या एका मुलीने असं लिहिलं. एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा आईशी वाद झाल्यावर किंवा ऑफिसात बोलणी खाल्ल्यावरच्या होत्या. त्याचा वाढदिवस, दोघांची नेहमीची जागा अशा आठवणीने आलेल्या दोनच. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीप्रमाणे, घाबरलो किंवा दुखावलो की आपण ज्याच्याकडे धावतो तो आपल्या आधाराचा माणूस असतो. प्रेम आटलं तरी ही धावण्याची सवय पटकन सुटत नाही. त्या मुलीला तो परत नको होता. दिवसभराचं रडगाणं ऐकणारं कोणीतरी हवं होतं. मग तसा दिवस गेला की तिने नव्या मित्राला फोन करायचं ठरवलं. पहिले काही फोन अवघड गेले, कारण जुन्याला अर्ध्या वाक्यात कळायचं ते याला सगळं समजावून सांगावं लागे. महिना-दीड महिन्यात बघणं आठवड्यातून एकदावर आलं.

तुमच्या नोंदी वेगळ्याही निघतील. नवा मुलगा जवळ आला, घरच्यांना भेटायचं म्हणाला, आणि त्याच रात्री तुम्ही प्रोफाइल उघडलं, असं वारंवार दिसलं तर ती नुसती सवय नाही. एक दार तुम्ही अजून उघडं ठेवलंय. अशा वेळी त्याला 'मला थोडा वेळ हवाय' असं सांगा आणि कारणही सांगा. आणखी एक : 'तो उद्या परत आला तर?' या प्रश्नावर पहिल्या क्षणी पोटात काय होतं, तेही त्याच वहीत लिहा. दुसऱ्या क्षणी डोकं शहाणपणाचं उत्तर देतं, ते लिहू नका.

प्रश्न : माझा मित्र आणि त्याची एक्स एकाच ऑफिसात आहेत. रोज बोलतात. मी संशयी आहे का? (वय २७, बोरिवली)

रोजच्या बोलण्यावरून काही ठरत नाही. ते बोलणं तुमच्यासमोरही तसंच होतं का, हे बघा. तुम्ही आलात की तो फोन पालथा ठेवतो का? पावसात लोकल कुर्ल्याला अडकली, वडिलांचा रिपोर्ट वाईट आला, बढती मिळाली, अशा वेळी पहिला फोन तुम्हाला येतो की तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळतं आणि तिला आदल्या रात्रीच माहीत असतं? एखाद्या वेळी असं झालं तर सोडून द्या, ती शेजारच्याच टेबलावर असते. तीन-चारदा झालं तर त्याचा मोबाईल तपासत बसू नका. थेट म्हणा, 'अशी बातमी मला आधी कळायला हवी होती.' त्यानंतरचे दोन महिने त्याचे फोन कोणाकडे वळतात, त्यावरून तुम्हाला उत्तर मिळेल.