पहिल्या पेपरच्या आदल्या रात्रीचं पान (सीए इंटर, ग्रुप 1)

प्रश्न: सीए इंटरचा ग्रुप 1 देतोय. प्लॅन कसा करायचा हे सगळेच सांगतात, पण तो पाळून पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री माणूस नेमका कुठे पोचलेला असतो? सगळं येत असतं का? मला आत्तापासूनच वाटतंय की एक विषय हातात घेतला की दुसरा विसरणार. ज्यांनी दिलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

उत्तर:

सगळं येत नसतं, आणि विसरायलाही होतं. पण कोणता विषय कधी विसरायचा हे आधी ठरवता येतं. मी जानेवारी 2025 मध्ये ग्रुप 1 दिला. आदल्या रात्री डायरी लिहिली होती, ती घरगुती मजकूर गाळून खाली उतरवते. तुला सल्ल्यापेक्षा ती जास्त कामाची वाटेल. मधे कंसात आहे ते आत्ताचं.

*10 जानेवारी, शुक्रवार, रात्री साडेनऊ*

अकाउंट्सचं पुस्तक मिटलं. अभ्यासिकेतून आठलाच निघाले. बाकीच्या मुली अजून तिथेच आहेत, एकीचं तर अमाल्गमेशन पहिल्यापासून चालू आहे. बघून पोटात गोळा आला, म्हणून लवकर उठले हेही खरं.

आत्ता टॅक्सचं काही विचारलं तर धड सांगता येणार नाही. मघाशी सहज आठवून पाहिलं, कॅपिटल गेन्सचे होल्डिंग पीरियडसुद्धा घोटाळले. महिन्यापूर्वी हेच धडाधड लिहीत होते. पण प्लॅनच तसा आहे. शेवटची रिव्हिजन उलट्या क्रमाने केली: आधी टॅक्स, मग लॉ, शेवटी अकाउंट्स. 11 ला अकाउंट्स, 13 ला लॉ, 15 ला टॅक्स. म्हणजे आज सगळ्यात ताजं अकाउंट्स आणि सगळ्यात शिळं टॅक्स असणार, आणि तसंच आहे. टॅक्स आठवायला 13 ची संध्याकाळ आणि 14 चा अख्खा दिवस मिळणार आहे. 14 ला संक्रांत. आईला सांगून ठेवलंय, तिळगूळ 15 ला संध्याकाळी.

(प्लॅनमधली ही एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घे. पहिल्या पेपरच्या आधी हवे तितके दिवस हाताशी असतात, पुढच्या दोन्ही पेपरांच्या आधी फक्त दीड दिवस. त्यामुळे पूर्ण प्लॅन त्या दीड दिवसावरून मागे मागे आखत यायचा.)

दीड दिवसाचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर डिसेंबरपासून आहे. उद्या पाचला पेपर सुटेल, घरी येऊन, खाऊन सातला बसले तर रात्रीचे तीन तास. परवाचे दहा. 13 ला सकाळी तीन, कारण बाराला जेवून निघायचंय. झाले सोळा. लॉ या सोळात बसलंच पाहिजे. डिसेंबरच्या सुरुवातीला मॉड्यूल आणि नोट्स धरून लॉ उलटायला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत होता. म्हणून त्या रिव्हिजनमध्ये नवीन काही वाचलं नाही, फक्त कमी केलं. जे कलम न बघता लिहिता येतंय ते नोट्समधून खोडलं. जिथे अडतंय तिथे कलमाचा क्रमांक, मर्यादा आणि मुदत एवढंच एका ओळीत ठेवलं. शेवटच्या फेरीत सोळाच्या आत आलं. जनरल क्लॉजेस आणि इंटरप्रिटेशन मात्र पूर्ण ठेवलंय, ते लहान आहे आणि त्यात व्याख्या शब्दाला शब्द लागतात.

आज दिवसभर काय केलं? वाचन जवळजवळ नाही. नुसती ती गणितं, ज्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. पहिल्यांदा सोडवताना प्रत्येक गणितापुढे खूण केली होती. आपलं आपण सुटलं तर बरोबरची खूण, उत्तर बघावं लागलं तर प्रश्नचिन्ह. दुसऱ्या फेरीत फक्त प्रश्नचिन्हवाली सोडवली, त्यातली बरीच खोडली गेली. उरलेली आज. संध्याकाळी शेवटी बायबॅकचं ते गणित केलं ज्याने मला दोनदा दगा दिलाय. इथे परत मांडते, पुस्तक न बघता.

कंपनीचे 10 रुपयांचे 10 लाख शेअर, म्हणजे भांडवल 100 लाख. फ्री रिझर्व्ह 140 लाख. कर्ज 400 लाख. बायबॅकचा भाव 30 रुपये. जास्तीत जास्त किती शेअर परत घेता येतील?

पहिली कसोटी शेअरच्या संख्येची: 10 लाखांच्या 25 टक्के, म्हणजे अडीच लाख शेअर. दुसरी पैशाची: भांडवल आणि फ्री रिझर्व्ह मिळून 240 लाख, त्याचे 25 टक्के 60 लाख, भागिले 30, म्हणजे 2 लाख शेअर. इथपर्यंत कुणालाही येतं.

तिसरी कर्जाची. बायबॅकनंतर कर्ज इक्विटीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. कर्ज 400, म्हणजे इक्विटी किमान 200 राहिली पाहिजे. आज 240 आहे. मग 40 लाख मोकळे, भागिले 30, म्हणजे एक लाख तेहतीस हजार? इथेच फसायला होतं. परत घेतलेल्या शेअरची दर्शनी किंमत फ्री रिझर्व्हमधून कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हला न्यावी लागते, आणि तो फ्री रिझर्व्हमध्ये धरत नाहीत. म्हणजे 240 दोन्हीकडून घटतात: बायबॅकला दिलेल्या पैशाने आणि या बदलीने. भाव 30, दर्शनी 10, म्हणून बदली ही बायबॅकच्या रकमेच्या एक तृतीयांश. बायबॅकची रक्कम क्ष धरली तर

240 − (क्ष ÷ 3) − 200 = क्ष

क्ष 30 लाख, म्हणजे 1 लाख शेअर. ताळा: भांडवल 90 उरलं. रिझर्व्हमधून 20 प्रीमियमचे आणि 10 बदलीचे गेले, 110 उरले. मिळून 200. कर्ज 400. बरोबर दुप्पट. तिन्ही कसोट्यांत सगळ्यात लहान आकडा हाच, म्हणून उत्तर 1 लाख शेअर.

सुटलं. पुस्तकातलं उत्तर वाचताना ते समीकरण इतकं सरळ वाटतं की आपल्याला येतंयच असं वाटून पान उलटलं जातं. कोऱ्या कागदावर ते सुचावं लागतं. आज सुचलं.

(म्हणून मी आदल्या दिवशी नुसतं 'नजर फिरवणं' या प्रकाराच्या विरोधात आहे. थिअरीला चालतं, गणितांना नाही. सोडवलेलं गणित वाचणं आणि गणित सोडवणं, दोन्हींना अर्धा-पाऊण तास लागतो आणि वहीत दोन्हींची नोंद 'बायबॅक झालं' अशीच होते. फरक पेपरात कळतो, तेव्हा उपयोग नसतो.)

प्लॅनमधलं काय राहिलं? फॉरेन ब्रँच वरवर झालंय. ते जाणूनबुजून. डिसेंबरच्या मध्यावर बघितलं तेव्हा दोनच पर्याय होते: ते पक्कं करायचं, की अकाउंटिंग स्टँडर्ड्सना आणखी एक फेरी द्यायची. स्टँडर्ड्स निवडले. 30 मार्कांचे एमसीक्यू आहेत, त्यात त्यांचेच बारीक मुद्दे विचारतात, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. उद्या फॉरेन ब्रँचचं मोठं गणित आलं तर तो प्रश्न पर्यायात टाकायचा. पहिल्यात आला तर जेवढी वर्किंग नोट जमेल तेवढी लिहायची, पायऱ्यांचे मार्क मिळतात.

प्रत्येक विषयात 40 आणि तिन्ही मिळून 150. लॉमध्ये मी पंचेचाळीसच्या पलीकडे फारशी जात नाही, मॉक टेस्टने ते पुरेसं दाखवलंय. म्हणजे वरचे मार्क अकाउंट्सला आणायचेत. म्हणून उद्याच्या पेपरला वेळ जास्त दिला होता, लॉवर अन्याय म्हणून नव्हे. हे स्वतःलाच परत सांगतेय, कारण मघापासून वाटतंय की लॉला आणखी दोन दिवस द्यायला हवे होते.

दुपारी दोन ते पाच बसून पेपर सोडवायची सवय लावली ते बरं झालं. सुरुवातीला तीनच्या सुमारास डोळे मिटायचे. जेवण बाराला आणलं आणि भात बंद केला, तेव्हापासून ठीक आहे. पावणेदोनला प्रश्नपत्रिका वाचायला मिळते, त्या पंधरा मिनिटांत फक्त एक ठरवायचं: कोणता प्रश्न सोडायचा. 14 मार्कांना पंचवीस मिनिटं. ताळेबंद जुळला नाही तर फरक शोधत बसायचं नाही, पुढे जायचं.

हॉल तिकीट, पेनं, बारा आकडी कॅल्क्युलेटर पिशवीत. जुना कॅल्क्युलेटर पण घेतलाय. सकाळी फक्त स्टँडर्ड्सची चार पानं. झोपते.

*(पान इथे संपतं.)*

आता तुझ्या विसरण्याबद्दल. टॅक्स मला खरंच त्या रात्री आठवत नव्हतं, आणि 14 ला दुपारपर्यंत बरंचसं परत आलं. ते परत आलं कारण आधी दोन फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या आणि नोट्स तेवढ्यात संपणाऱ्या होत्या. ज्या विषयाची एकच फेरी झालीय तो दीड दिवसात परत येत नाही, तिथे ते नव्याने शिकणंच होतं. तेव्हा भीती वाटली की विषय आठवतोय का हे तपासू नकोस. तो सोळा तासांत उलटून होतो का ते तपास. घड्याळ लावून, एकदाच, पण पूर्ण. टॅक्सला तर इन्कम टॅक्स आणि जीएसटी दोन्ही त्याच सोळात बसवायचेत, आणि दोन्ही 50-50 मार्कांचे असल्यामुळे जीएसटी 'उरलेल्या वेळात' ढकलणं परवडत नाही. माझ्या ओळखीत बहुतेकांचा दीड दिवस इन्कम टॅक्सनेच खाल्ला.

उलटा क्रम मात्र दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांनी जसाच्या तसा घेऊ नये. सहा पेपर असले की शेवटचा पेपर फार मागे पडतो. त्यांना मधे एक छोटी फेरी घालावी लागते, ती कशी ते दोन्ही ग्रुप दिलेल्या कुणीतरी सांगावं. मी ग्रुप वेगवेगळे दिले.

तुझं लॉ सध्या किती तासांत उलटून होतंय ते मोजून लिही. म्हणजे त्यातलं काय खोडायचं ते बघता येईल.