नफा वाढल्याची बातमी येऊनही शेअर पडतो, मग भावाचा अंदाज बांधायचा कसा?

खात्रीने बांधता येत नाही, कारण सगळ्यांना कळलेली गोष्ट भावात आधीच उतरलेली असते. समजा, १०० चा शेअर उद्या ११० होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग उद्यापर्यंत थांबेल कोण? खरेदीची झुंबड आजच उडते आणि भाव आजच ११० च्या आसपास जातो. पुढे तो हलतो मुख्यतः अनपेक्षित गोष्टींनी. बाजाराने नफ्यात २० टक्के वाढ गृहीत धरली आणि झाली १५, तर नफा वाढूनही शेअर पडतो. माहिती भावात आधीच उतरते, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी १९७० मध्ये नीट मांडली; अशा बाजाराला कार्यक्षम म्हणतात. मात्र माहिती मिळवायला खर्च येत असेल तर बाजार पूर्ण कार्यक्षम राहू शकत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ ग्रॉसमन आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये दाखवलं. खणून काही हाती लागणार नसेल तर माहिती खणेल कोण?