खोडलेलं उत्तर

प्रश्न : माझी मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैशाच्या पुरवठ्याच्या गणितांत सारखे गुण जातात. मी स्वतः सहकारी बँकेत आहे, म्हणून महिनाभर रोज रात्री तिला ही गणितं शिकवली, तरी परीक्षेत चुकलीच. उत्तरपत्रिकेचं पान सोबत पाठवतो. पहिल्या गणितात आधी 2400 लिहून स्वतःच खोडलंय आणि 6000 केलंय. याला गोंधळ नाही तर काय म्हणायचं? चतुर्थीला जमलेल्या सगळ्यांचं एकच मत पडलं, हिला आकडे जमत नाहीत, तिने अर्थशास्त्र सोडून आयबीपीएसच्या क्लासला जावं. काय करू? – एक पालक, डिचोली

उत्तर : ते पान मी दोनदा नीट पाहिलं. खोडलेलं 2400 हे उत्तर बरोबर आहे. खोडून लिहिलेलं 6000 चूक आहे, आणि ते तुमच्या रीतीने आलेलं आहे. मुलीला गणित येत होतं. बाबा रोज रात्री सांगतात तेच बरोबर असणार, असं वाटून तिने आपलं उत्तर मोडलं. गुणांपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते, आणि तिच्या गणितांचा निवाडा चतुर्थीच्या घोळक्यात व्हावा याची त्याहून जास्त.

आता गणित बघू. बेस, म्हणजे लोकांच्या हातातली रोकड आणि बँकांची राखीव मिळून, 600 कोटी. बँका ठेवींच्या 10 टक्के राखीव ठेवतात. लोक ठेवींच्या 20 टक्के इतकी रोकड हातात ठेवतात. पैशाचा पुरवठा, म्हणजे रोकड आणि ठेवी मिळून, किती? तुम्ही शिकवलंत की 1 भागिले 0.10 म्हणजे 10, आणि 600 चे 6000. बँकेत बसून पाहिलं तर ही रीत सहज पटते. ठेव आली, दहा टक्के बाजूला काढले, उरलेले कर्जाऊ दिले, ते पुन्हा ठेव म्हणून आले. बारावीतही हेच शिकवतात. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की कर्जाऊ दिलेला प्रत्येक रुपया बँकेत परत येतो. डिचोलीच्या बाजारात तसं होत नाही. चतुर्थीच्या आधी माटोळीसाठी काढलेली रोकड विक्रेत्याच्या गल्ल्यात जाते आणि तिचा काही भाग दिवसचे दिवस लोकांच्या हातातच फिरत राहतो. तो रुपया बेसमध्ये मोजलेला असतो, पण त्याच्यावर बँक नवं कर्ज उभं करू शकत नाही. म्हणून प्रश्नात लोकांची रोकड दिलेली असेल तिथे मल्टिप्लायर, म्हणजे पुरवठा काढायला बेसला ज्याने गुणायचं तो आकडा, असा निघतो:

```
m = (1 + c) / (c + r)
```

इथे c म्हणजे रोकड भागिले ठेवी आणि r म्हणजे राखीव भागिले ठेवी. बँका सीआरआरपेक्षा, म्हणजे रिझर्व्ह बँकेने सक्तीने ठेवायला लावलेल्या प्रमाणापेक्षा, जास्त राखीव ठेवतात असं प्रश्नात असेल, तर ते जास्तीचंही r मध्येच येतं. आपल्या गणितात 1.2 भागिले 0.3, म्हणजे 4. चार गुणिले 600 म्हणजे 2400. c शून्य धरला तर हेच सूत्र 1 भागिले r होतं. म्हणजे तुमची रीत खोटी नाही, ती एका खास परिस्थितीपुरती आहे. आणि 10 हा आकडा राखीव निधीला गुणायचा असतो, बेसला नाही. राखीव 200, त्याला 10 ने गुणलं की 2000 येतात, आणि त्या फक्त ठेवी असतात. त्यात 400 ची रोकड मिळवली की पुन्हा 2400.

6000 चूक आहे हे परीक्षेत बसल्या बसल्या ओळखता येतं, आणि सूत्रांच्या वहीपेक्षा तिला हीच सवय लागायला हवी. आलेला पुरवठा परत फोडून पाहायचा. पुरवठा 6000 आणि रोकड ठेवींच्या 20 टक्के, तर ठेवी 5000 आणि रोकड 1000. पण रोकड आणि राखीव मिळून होणारा बेसच 600 चा आहे. नुसती रोकड 1000 कुठून येणार? 2400 फोडला तर ठेवी 2000, रोकड 400, राखीव 200. रोकड आणि राखीव मिळून बरोबर 600.

दुसऱ्या गणितातली चूक मात्र तिची आहे, आणि ती मी दुर्लक्षित करणार नाही. राखीव प्रमाण 10 वरून 5 टक्के केलं तर पुरवठा किती, असं विचारलं होतं. मल्टिप्लायर तिने बरोबर काढला, 1.2 भागिले 0.25 म्हणजे 4.8. पण 'बँकांकडे 100 कोटी मोकळे झाले' म्हणून ते बेसमध्ये मिळवले आणि 700 गुणिले 4.8 करून 3360 लिहिले. ही चूक फार जणांची होते आणि तिला बातम्याही हातभार लावतात. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर चार टप्प्यांत 4 वरून 3 टक्क्यांवर आणला, तेव्हा अडीच लाख कोटी मोकळे होणार असं सगळीकडे छापून आलं. ते बँकांना कर्ज द्यायला मोकळे झाले, म्हणून बेस वाढला असं होत नाही. ते 100 कोटी आधीही बेसमध्येच होते, राखीव म्हणून अडकलेले. सीआरआर बदलला की r बदलतो, म्हणून मल्टिप्लायर बदलतो. बेस हलतो तो मुख्यतः रिझर्व्ह बँकेने रोखे घेतले-विकले किंवा परकीय चलन घेतलं-विकलं तर. म्हणून उत्तर 600 गुणिले 4.8, म्हणजे 2880. फोडून पाहा: ठेवी 2400, रोकड 480, राखीव 120, बेस पुन्हा 600. राखीवमधले 80 कोटी लोकांच्या हातात गेले, एवढंच घडलं. 3360 फोडला तर रोकड 560 आणि राखीव 140, म्हणजे 700. वरचे 100 कुठून आले याला उत्तर नाही.

आयबीपीएसबद्दल स्पष्ट सांगतो. आकडे जमत नाहीत म्हणून तिथे पाठवणं मला पटत नाही, कारण त्या परीक्षेत आकडेमोड याहून जास्त आहे आणि वेळ याहून कमी. तिला बँकेत जायचं असेल तर खुशाल जावं, पण कारण तिचं असावं. अर्थशास्त्रात राहिली तर ताळगावला गोवा विद्यापीठात एम.ए., पुढे नेट, रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी किंवा इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, हे रस्ते तुम्हाला ठाऊक असतीलच. दुसऱ्या वर्षाच्या एका प्रकरणावरून ते बंद करू नका.

तुमची रात्रीची शिकवणी आजपासून थांबवा. उत्तरपत्रिका तिला परत द्या आणि 2400 बरोबर होतं हे तुम्ही स्वतः सांगा, शक्यतो चतुर्थीला जमलेल्यांच्या देखत. मग तिला हे एक गणित द्या: बेस 600, राखीव ठेवींच्या 10 टक्केच, पण लोक *एकूण पैशाच्या* 20 टक्के रोकड ठेवतात. इथे 0.20 थेट c म्हणून घालणारे पुन्हा 2400 काढतात. शंभरातले 20 हातात म्हणजे 80 ठेवीत, म्हणून c होतो 0.25, मल्टिप्लायर 1.25 भागिले 0.35, आणि पुरवठा साधारण 2143 कोटी. ही रीत तिला सांगू नका. तिने स्वतः काढून, फोडून, बेस 600 जुळतो का ते पाहावं. अडली तर पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, तुम्ही नको.