माकड, पाना आणि वॉकथ्रू

प्रश्न: मला मारामारीचे गेम आवडत नाहीत. वस्तू जोडून कोडी सोडवायची आणि विनोदी संवाद असलेले पॉइंट-अँड-क्लिक गेम सुचवा. आणि अडकल्यावर वॉकथ्रू बघणं म्हणजे लबाडी का?

'डे ऑफ द टेंटॅकल' घ्या. मूळ १९९३चा, २०१६ साली नव्या चित्रांसह पुन्हा आला. बाकी गेम नंतर, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून माझा आणि दादाचा कित्येक वर्षं वाद चाललाय, आधी त्याबद्दल लिहितो.

'मंकी आयलंड २' (१९९१) आम्ही एकाच सुट्टीत खेळायला घेतला. दादाचा नियम एकच: उत्तर बघायचं नाही. एका बेटावर धबधबा आहे, त्यामागे वाट असणार हे कळतं. वर पाण्याचा पंप, पण तो हाताने फिरत नाही. मी खिशातली प्रत्येक वस्तू त्याला लावून पाहिली, प्रत्येक बेटावर परत जाऊन प्रत्येकाशी पुन्हा बोललो. तीन आठवडे गेले. शेवटी दादा झोपल्यावर उत्तर वाचलं: दुसऱ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवतं. पियानोवरच्या मेट्रोनोमला केळं लावायचं. ते हलताना बघून माकड ताठ होतं. मग ते उचलून खिशात टाकायचं आणि पंपावर पान्यासारखं वापरायचं!

का? तर अमेरिकन इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ब्रिटनमध्ये पान्याला 'स्पॅनर' म्हणतात, त्यामुळे तिथल्या लोकांचंही हेच झालं. आम्ही तर लहानपणापासून 'पाना' म्हणत आलो. माकडाचा त्यात संबंधच नाही. तीन आठवडे नव्हे, तीन वर्षं बसलो असतो तरी मला ते सुचलं नसतं. दादा मात्र आजही म्हणतो, "तू बघितलंस, म्हणजे तू तो गेम संपवला नाहीस." त्याला तो शब्द आधीपासून माहीत होता, एवढाच फरक.

याउलट टेंटॅकलमधलं हॅमस्टरचं कोडं बघा. (पुढे उत्तर आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) तिघं मित्र एकाच घरात, पण दोनशे-दोनशे वर्षांच्या अंतराने अडकलेत. भविष्यातल्या लाव्हर्नला यंत्रासाठी वीज हवी आहे. चाकावर पळणारा हॅमस्टर ती देऊ शकतो, पण हॅमस्टर वर्तमानात बर्नार्डकडे. बर्नार्ड त्याला फ्रीझरमध्ये ठेवतो. दोनशे वर्षांनी लाव्हर्न त्याच फ्रीझरमधून तो गोठलेला काढते आणि मायक्रोवेव्हमध्ये ऊब देते. तरी तो कुडकुडतो. मग बर्नार्डने लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये टाकून भरपूर नाणी भरायची. ड्रायर दोनशे वर्षं चालतो आणि स्वेटर आटून हॅमस्टरच्या मापाचा होतो.

वाचायला वेडगळ वाटतं, पण एकही दुवा गेमबाहेरचा नाही. फ्रीझर गोठवतो, लोकर आटते, आणि घर तिन्ही काळांत तेच आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मला हे सुटलं तेव्हा मध्यरात्र होती, तरी मी दादाला उठवलं. असं कोडं वॉकथ्रूमध्ये वाचलं तर गेमसाठी दिलेले पैसे वायाच गेले.

म्हणून माझं सरळ मत: उत्तर वाचल्यावर "अरे, हे दिसायला हवं होतं" वाटलं, तर तुम्ही घाई केलीत. "हे मला कुठून कळणार होतं?" वाटलं, तर चूक गेमची, आणि बघितलंत हे बरोबरच केलंत. अडचण एवढीच की हे बघितल्यावरच कळतं. म्हणून मी आधी कागदावर अडलेल्या जागा लिहितो: बंद दार, हट्टी पहारेकरी, न फिरणारा पंप. मग प्रत्येक पात्राशी बोलण्याचे सगळे पर्याय संपवतो, कारण सूचना बहुतेक विनोदातच दडवलेली असते. एवढं करून दोन दिवस काहीच हललं नाही, तर इशारा घेतो, तोही एका पायरीपुरता. 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये (२०२२) इशाऱ्यांची वही गेममध्येच दिलीय आणि ती एकेक पायरी उघडते. म्हणजे ज्या गेमकर्त्यांच्या माकडाने मला छळलं, त्यातल्याच रॉन गिल्बर्टने इशारा वैध ठरवला. दादाला हे दाखवलंय.

संवादांसाठी 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) खेळाच. त्यात तलवारबाजी आहे, पण जिंकायचं ते टोमण्याला चपखल टोमणा परतवून. टोमणे आणि उत्तरं चाच्यांशी हरत हरत शिकायची. पुढे तलवारबाजीत सगळ्यांत पटाईत असलेली बाई नवेच टोमणे मारते आणि तुम्हाला जुनीच उत्तरं त्यांना जुळवावी लागतात.

हो, एक राहिलं. या सगळ्यांत इंग्रजी श्लेष भरपूर आहेत, तेव्हा इंग्रजी संवाद वाचायचा कंटाळा असेल तर 'मशिनेरियम' (२००९) आधी घ्या, त्यात बोललेला शब्द जवळजवळ नाहीच. आणि 'किंग्ज क्वेस्ट' मालिकेतले जुने गेम घेतलेत तर वेगवेगळ्या नावांनी बरेच सेव्ह ठेवा. तिथे नायक मरतो, आणि पाचव्या भागात तर एक क्षण हुकला की पुढे जाता येणार नाही हे गेम तासन्‌तास सांगतच नाही.