वारशाचे 48 लाख: एकदम गुंतवायचे की टप्प्याटप्प्याने?

“वडिलांच्या ठेवी आणि विकलेल्या फ्लॅटमधला माझा हिस्सा, कर भरून, 48 लाख हातात आलेत. सगळे म्हणतात बाजार फार वर गेलाय. एकदम इक्विटी फंडात टाकू की थोडे थोडे?”

कोथरूडच्या या ताई हिंजवडीत नोकरी करतात, वय 45. यातले बाजारात जाणारे पैसे नेमके किती, हे आधी ठरवलं. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश दोन वर्षांवर आलाय, त्याचे 10 लाख मुदत ठेवीत. सहा महिन्यांच्या खर्चाचे 6 लाख बाजूला. गृहकर्जाचे राहिलेले 8 लाख फेडून टाकले. उरले 24 लाख, आणि त्यांना ते पंधरा वर्षं लागणार नाहीत.

मग त्यांना विचारलं, या 24 चे 17 दिसले तर काय कराल? 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे 38 टक्के पडला होता, म्हणजे प्रश्न काल्पनिक नव्हता. त्या म्हणाल्या, “पहिल्याच दोन महिन्यांत पडला तर काढून घेईन. वर्षभरानंतर पडला तर थांबेन.” निर्णय या उत्तरावर झाला. एरवी बाजार पडण्यापेक्षा चढतो जास्त वेळा, त्यामुळे हिशेबाने एकरकमी गुंतवणूकच बहुतेकदा पुढे राहते. पण घाबरून तोट्यात विकलं तर तो हिशेब कागदावरच राहतो.

म्हणून 8 लाख लगेच इंडेक्स फंडात, आणि 16 लाख त्याच फंड कंपनीच्या कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून तिथून दरमहा 2 लाख आपोआप इंडेक्स फंडात वळवणारी एसटीपी, आठ महिने. याची किंमतही त्यांना सांगितली. इक्विटी 12 टक्के आणि लिक्विड 6 टक्के धरलं, तर 16 लाख सरासरी साडेचार महिने थांबतात, म्हणजे साधारण 36,000 रुपये कमी मिळतील. उलट दोन हप्त्यांनंतर बाजार 20 टक्के पडला, तर 4.8 लाखांऐवजी 2.4 लाखांचीच घट दिसेल, आणि उरलेले 12 लाख स्वस्तात लागतील.

आठवा हप्ता गेला की मात्र हे संरक्षण संपतं. नवव्या महिन्यात पडझड झाली तर तोटा एकरकमीइतकाच. म्हणून हप्ते तीन-तीन वर्षं ताणण्यात अर्थ नाही. एवढी भीती वाटत असेल तर बाजारात 24 ऐवजी 15 लाखच घालावेत.

बिघडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला. बाजार घसरतो, “थोडं थांबू” म्हणून एसटीपी बंद केली जाते, आणि स्वस्त युनिट नेमके तेव्हाच हुकतात. त्यामुळे आठही हप्त्यांची नोंदणी ताईंनी एकाच फॉर्मवर केली.

कराचं एवढंच: प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडातली विक्री, तिचा नफा उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. इक्विटीकडे कमी दराच्या करासाठी लागणारे बारा महिने प्रत्येक हप्त्याचे वेगळे मोजले जातात, त्यामुळे पुढच्या वर्षी काही विकायचंच झालं तर आधी हप्त्यांच्या तारखा बघाव्यात.