थ्रीडी प्रिंट केलेला हूक मुळाशीच का तुटतो?

पाठीची पट्टी बेडवर आणि दांडा वर, असा एल आकाराचा हूक पीएलएमध्ये काढला. पिशवी अडकवली की दांडा मुळाशी तुटतो. इनफिल वाढवू का?

इनफिलने फारसा फरक पडणार नाही. वजनाने दांडा वाकतो, तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला लांबीच्या दिशेने ताण बसतो आणि त्या ताणाने थर एकमेकांपासून उचकटतात. तुटलेली जागा सपाट, थराच्या रेषेवरच असेल तर खात्री समजा.

स्लायसरमध्ये हूक ९०° फिरवून कुशीवर झोपवा. वरून पाहिल्यावर पूर्ण एल दिसला पाहिजे. आता प्रत्येक थरातला धागा पट्टीतून वळून सलग दांड्यात जातो. भिंती ४ ठेवा, आतल्या कोपऱ्याला ४ मिमी गोलाई द्या. स्क्रूची भोकं आता आडवी येतात, वरून किंचित ओघळतात. नंतर ड्रिलने साफ करा.