फॉरवर्ड करण्याआधी लांबलचक मेलची साखळी कशी आवरायची?

प्रश्न: वीस-बावीस मेलची साखळी साहेबांना फॉरवर्ड करते आणि वर "खालचं बघून घ्या" लिहिते. ते वाचत नाहीत, शेवटी मलाच फोन येतो. काय करू?

उत्तर: आधी साखळी तळापासून वर वाचा. जीमेलमध्ये जुना मजकूर तीन टिंबांमागे दडलेला असतो, तो उघडून बघा. फक्त शेवटच्या मेलवर मात्र विसंबू नका. कुणी मधल्याच मेलला उत्तर दिलं असेल तर तो फाटा शेवटच्या मेलमध्ये येतच नाही, आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट बरेचदा त्या फाट्यात असते.

समजा, यंत्र बसवायचं आहे. पुरवठादाराने आधी 12 तारीख दिली, मग 18. वीजजोडणीवाल्याने एका फाट्यात लिहिलं की काम 19 ला पूर्ण होईल, त्याआधी नाही. खरेदी विभाग अजून 12 च धरून बसलाय. अशा वेळी घटनाक्रम सांगत बसू नका. साहेबांनी काय करायचं, ते पहिल्याच ओळीत येऊ द्या:

> यंत्र 20 तारखेला बसवायला तुमची मंजुरी हवी आहे, शुक्रवारपर्यंत.
> 12 आणि 18 या दोन्ही तारखा रद्द, कारण वीजजोडणी 19 ला पूर्ण होईल. दर आणि 30 टक्के आगाऊ रक्कम ठरल्याप्रमाणेच.
> क्रेनचं वाढीव भाडं कोणी द्यायचं हे ठरलेलं नाही. पुरवठादार म्हणतो आपण द्यावं. खरेदी विभागाने उत्तर दिलेलं नाही.

शेवटच्या ओळीत कोण काय म्हणतंय हे वेगळं ठेवलंय. एकाचं म्हणणं "ठरलं" म्हणून गेलं की पुढे भांडण होतं, म्हणून मी हे फार जपते. विषयाची ओळही बदला: "FW: RE: RE:" काढून "यंत्र 20 ला बसवणे: मंजुरी हवी" असं लिहा.

खाली फक्त आधाराचे मेल ठेवा. इथे वीजजोडणीवाल्याचा आणि भाड्याबद्दलचा, असे दोन पुरेत. सह्यांचे ठोकळे, कायदेशीर सूचना, "धन्यवाद, मिळालं" हे सगळं उडवा. पण ठेवलेल्या मेलमधलं एखादं वाक्य मधूनच गाळू नका. दुसऱ्याच्या नावाखाली बदललेला मजकूर जाणं वाईट. मेल ठेवायचा तर त्याचा मजकूर पूर्ण ठेवा, नाहीतर अख्खा काढा, आणि "मधले मेल काढले आहेत, हवे असल्यास पाठवते" असं सांगा.

पूर्ण पुरावा द्यायचाच असेल तर जीमेलमध्ये ते मेल निवडून `Forward as attachment` करा, म्हणजे साखळी जोडपत्रात जाते. फक्त बाहेरच्या माणसाला पाठवताना हे टाळा. आतल्या चर्चेतले दर, कुणाबद्दलचे शेरे, सगळं त्यात जसंच्या तसं असतं.

जोडपत्रं शेवटी तपासा. उत्तर देताना आधीच्या मेलची जोडपत्रं सहसा गळतात, त्यामुळे पहिल्या मेलला जोडलेलं दरपत्रक शेवटच्या मेलसोबत जात नाही. ते तुम्हालाच पुन्हा जोडावं लागेल.